माननीय कप्तानसाहेब, खचू नका!

चाकण, २४ एप्रिल २०१३

पुणे वॉरियर्सचे कप्तान ॲरन फिंच यांस,

स. न. वि. वि.

काल मंगळवार. फर्स्ट शिफ्ट सुटली आणि आम्ही दहा-बारा जण तळेगाव चौकाजवळच्या टपरीवर टीव्हीसमोर बसलो. बंगळुरूत तुम्ही टॉस जिंकून आधी बॉलिंग घेतलीत. ख्रिस गेल यांनी या पाहुणचाराला पुरेपूर न्याय दिला. ३० चेंडूंत शतक, ६६ चेंडूंत नाबाद १७५, त्यात १७ षटकार. २६३ धावांच्या उत्तरात आपली अख्खी टीम १३३. म्हणजे एकट्या गेलपेक्षा ४२ कमी. मग त्यांनी स्वतःच एक षटक टाकून दोन विकेटही घेतल्या. घरचंच कार्य असल्यावर माणूस वाढपीही होतो.

साहेब, एवढं मोठं मन आमच्या पट्ट्यात कोणा सुपरवायझरचंही नाही. समोरचा तुटून पडला असताना तुम्ही स्वतः चेंडू हातात घेतलात आणि एका षटकात २९ धावा दिल्यात. कप्तानाने पुढे राहावं म्हणतात, ते तुम्ही सगळ्यांच्या पुढे राहिलात.

पण आम्ही कंपनीतली माणसं. माल बिघडला की आम्ही रडत नाही, रिजेक्शनचा हिशेब मांडतो. तुमचाही काल रात्री मांडला. भुवनेश्वर कुमारने चार षटकांत २३ दिल्या. ल्यूक राइटने चार षटकांत २६. त्याच मैदानावर, त्याच दिवशी आठ षटकांत फक्त ४९ धावा! उरलेली १२ षटकं पाच जणांत वाटली गेली आणि त्यांतून २११ गेल्या. म्हणजे अख्खा लॉट भंगारात काढायची गरज नाही. दोन मशीन चोख चालत होत्या, बिघाड बाकीच्या पाच ठिकाणी होता.

त्यातही एक जागा बोट ठेवून दाखवतो. अली मुर्तझाच्या दोन षटकांत ४५ गेल्या आणि तुमच्या एकात २९. दोघेही डावखुरे फिरकीपटू, समोर डावखुरा गेल. असा चेंडू टप्पा पडल्यावर डावखुऱ्या फलंदाजाच्या दिशेनेच आत वळतो. चिन्नास्वामीची सीमारेषा मुळात जवळ. त्याला फक्त पाय बाजूला काढून बॅट फिरवायची होती. मुर्तझाकडून हे एकदा कळल्यावर तीच पद्धत तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा तपासून पाहिलीत. आमच्याकडे याला ट्रायल म्हणत नाहीत, मेमो म्हणतात.

तरीही, खचू नका. आठच दिवसांपूर्वी याच टीमने चेन्नईला त्यांच्याच मैदानावर २४ धावांनी हरवलं होतं. आठ दिवसांत हात विसरत नाहीत.

आणि पराभवाचं आम्हाला शिकवू नका. आमच्या गावात पराभवाचा किल्ला आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग पन्नासहून जास्त दिवस झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, किल्ला गेला. खानाने चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. महाराजांनी पुढे त्यांना भूपाळगड सांभाळायला दिला. आमच्याकडे किल्ला गेल्यावरही माणूस मोडीत काढत नाहीत. तुमच्याकडून पन्नास दिवसांची अपेक्षा नाही. वीस षटकं धरून ठेवलीत तरी पुष्कळ.

गहुंजेत खेळायला याल तेव्हा आम्ही निगडीहून दुचाकीवर डबल सीट येऊच. मागणी एकच: चेंडू भुवनेश्वरला द्या, राइटला द्या, स्वतःला देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक क्वालिटी इन्स्पेक्टर

ता. क. (२२ मे २०१३): पत्र पोचलं नसावं, कारण त्यानंतरही तुम्ही ओळीने हरत राहिलात. पण खचला नाहीत, हे मान्य. १५ तारखेला रांचीत कोलकात्याला ७ धावांनी हरवलंत आणि १९ला आमच्या गहुंजेत दिल्लीला ३८ धावांनी. शेवटचे दोन्ही सामने जिंकलेत! काल बातमी आली: फ्रँचायझी फीवरून क्रिकेट मंडळाशी भांडण झालं आणि सहाराने टीममधून अंग काढून घेतलं. साहेब, तुमची माफी मागतो. ‘खचू नका’ हे पत्र मी चुकीच्या पत्त्यावर पाठवलं होतं.