साडेबासष्ट दिवसांचा फार्मासिस्ट

माधव नगरातल्या एका चिरंजिवांनी नागपंचमीच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून ८ तास चिठ्ठ्यांवरची औषधं दिली. डायरीत तसं लिहिलं आहे, त्याखाली फार्मासिस्टची सही आहे आणि सहीवर गोल शिक्का आहे. त्याच दिवशी हेच चिरंजीव नागचंद्रेश्वराच्या रांगेत उभे असल्याचा फोटो त्यांच्या मातोश्रींनी मोठ्या कौतुकानं आम्हाला पाठवला होता. वर्षातून एकदाच उघडणारं देऊळ, तेव्हा रांग किती लांब असते ते उज्जैनकरांना सांगायला नको. पण देऊळ त्या दिवशी २४ तास उघडं असतं, त्यामुळे शंका घ्यायला आम्ही कोण? रांगेत बारा-चौदा तास, काउंटरवर ८, उरलेल्या वेळात जेवणखाण. हिशेब बसतो. झोप तेवढी बसत नाही.

डी. फार्म. झालेल्या मुलाला फार्मासिस्ट म्हणून नाव नोंदवण्याआधी प्रत्यक्ष काम शिकावं लागतं. किमान ५०० तास, तेही कमीत कमी तीन महिन्यांत पसरलेले. त्यांतले किमान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषधं देण्यात जायला हवेत, हे १९९१च्या नियमांतच लिहून ठेवलं आहे. २०२०मध्ये नवे नियम आले, ५०० तास तसेच राहिले. कॉलेज एक डायरी देतं. रोजची तारीख, काय काम केलं, किती तास, आणि महिना संपला की खाली ज्याच्या हाताखाली शिकला त्याची सही. कागदावर व्यवस्था इतकी चोख आहे की ती बनवणाऱ्याला वाकून नमस्कार करावा. मग डायरी उघडावी.

डायरीत ८ असतो. पहिल्या दिवशी ८, दुसऱ्या दिवशी ८, श्रावणी सोमवारी महाकालची सवारी निघाली तेव्हा ८, मुसळधार पावसात ८. कधी साडेसात नाही, कधी सव्वानऊ नाही. मुलगा एकदाही उशिरा आला नाही, त्याचं पोट एकदाही बिघडलं नाही, वीज गेली म्हणून दुकान अर्धा तास लवकर मिटलं असंही कधी झालं नाही. आता ५००ला ८ने भागा. साडेबासष्ट येतात. म्हणून पहिल्या महिन्यात २१ दिवस, म्हणजे १६८ तास. दुसऱ्या महिन्यात पुन्हा २१ दिवस, १६८ तास. तिसऱ्या महिन्यात २० दिवस ८-८ तास, आणि मग येतो तो शेवटचा सोनेरी दिवस, ज्या दिवशी चिरंजिवांनी बरोबर ४ तास काम केलं. १६४. एकूण ५००. चारच्या ठोक्याला, म्हणजे चौथ्या तासाच्या ठोक्याला, ज्ञान पूर्ण झालं. समोर एखादी म्हातारी खोकल्याच्या औषधासाठी उभी असेल तर तिला पाचशे एकाव्या तासात आपलं आपण बघून घ्यायचं होतं. नियमात ‘किमान’ असा शब्द आहे; तो आमच्या मुलांनी ‘कमाल’ असा वाचला. आणि हे साडेबासष्ट दिवस लिहिले कधी? शाई पाहा. तीन महिने एकच निळं पेन, एकच दाब, शेवटच्या पानावर जरा थकलेलं अक्षर. म्हणजे एका संध्याकाळी, फार तर जेवण झाल्यावर पुन्हा अर्धा तास. महाकालचं गाव, वेधशाळेचं गाव, मुहूर्तांनी वेळ दाखवणारं वैदिक घड्याळ २०२४मध्ये उभारणारं गाव! ४८ मिनिटांचा एक मुहूर्त धरला तर ५०० तासांचे ६२५ मुहूर्त होतात. आमच्या माधव नगरात ते एका बैठकीत उरकतात.

आता सही. त्याच १९९१च्या नियमांत असंही म्हटलं आहे की दुकानात एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर त्याच्या हाताखाली जास्तीत जास्त दोन मुलं शिकू शकतात. फार्मासिस्ट वाढले तर प्रत्येक वाढीव फार्मासिस्टमागे आणखी एक. साधा विचार आहे. मूल औषध काढतं, फार्मासिस्ट पाहतो, चुकलं तर हात धरतो. एका माणसाला दोनच हात असतात. पण एकाच शिक्क्याच्या एकाच महिन्यातल्या डायऱ्या मोजल्या तर दहा भरतात. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी दुकान किमान १० चौरस मीटर लागतं, आणि पुष्कळ दुकानं ‘किमान’ हा शब्द तिथेही फार मनावर घेतात. म्हणजे डायऱ्या खऱ्या असतील तर माणशी एक चौरस मीटर. त्यातून कपाटं वजा करा. काउंटर वजा करा. इन्सुलिनचा फ्रीज वजा करा, तो वजा करता येत नाही म्हणून त्याच्यावर एक मुलगा बसवा. मालकाची खुर्ची, गणपतीचा फोटो, ग्लुकोजच्या डब्यांचा मनोरा. दहा मुलं रोज ८ तास एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून चिठ्ठ्या वाचताहेत, गिऱ्हाईक एक आणि त्याच्या चिठ्ठीला दहा जण धरून! असं दृश्य असतं तर लोक ते बघायला देवासहून आले असते. प्रत्यक्षात फ्रीगंजातून कितीही वेळा चक्कर मारा, काउंटरमागे एकच मुलगा दिसतो. तो या दहांतला नसतो.

त्याच्याबद्दल बोलायला हवं. बारावीच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी शाळा सुटलेला, दुकान झाडण्यापासून सुरुवात केलेला हा मुलगा. ‘भैया, वो बीपीवाली गोली’ म्हटलं की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून पट्टी काढतो. त्याचे तास मोजायला गेलात तर ५००चा आकडा त्यानं पहिल्याच पावसाळ्यात ओलांडलेला असतो. त्याच्या तासांना किंमत शून्य, कारण त्याच्याकडे डिप्लोमा नाही. ज्याच्याकडे डिप्लोमा आहे त्याच्याकडे तास नाहीत, पण डायरी आहे. आणि ज्याची सही दोघांच्या डोक्यावर आहे, तो फार्मासिस्ट भिंतीवर आहे. काचेच्या चौकटीत. प्रमाणपत्र टांगलेलं, माणूस दुसऱ्या गावी दुसऱ्या नोकरीत, महिन्याचं भाडं खात्यात. कायदा म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. म्हणजे जो हजर नव्हता त्यानं लिहून दिलं की जो हजर नव्हता तो हजर होता. आणि वर्षभरात त्या दुसऱ्या गैरहजराचंही प्रमाणपत्र कुठल्यातरी भिंतीवर चढेल, भाडं सुरू होईल, आणि तोही पुढच्या गैरहजरांच्या डायऱ्यांवर सह्या करील. गुरुशिष्य परंपरा म्हणतात ती हीच, फक्त दोघंही घरी असतात.

चिरंजिवांना विचारलं, ‘अरे, निदान सहीसाठी तरी दुकानात गेला होतास ना?’

‘काका, शिक्का घरीच आणून देतात. इथे सगळ्यांचं असंच होतं.’

इथवर हसून झालं. आता त्या २५० तासांत काय शिकायचं असतं ते सांगतो, म्हणजे हसू थांबेल. संधिवाताच्या एका बाईंची चिठ्ठी येते. मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि सोबत फॉलिक ॲसिड. डॉक्टरांचं अक्षर नेहमीचंच. आपल्याकडे गोळी म्हटली की रोज एक, ही जन्माची सवय. ही गोळी रोज घेतली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, ताप भरतो आणि माणूस दगावू शकतो. म्हणून शिकवणारा फार्मासिस्ट मुलाला सांगतो : पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहू नकोस, वार लिही. ‘फक्त रविवारी’. बाईंना विचार, कुठला वार लक्षात राहील? दुसरी गोळी त्या वारी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तिच्या पाकिटावर तेही लिही. मग त्यांच्याकडून ते परत म्हणवून घे. आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही गाइडात नसते : आठवड्याला एक म्हणजे दहा गोळ्यांची पट्टी दहा आठवडे पुरायला हवी. बाई दहा दिवसांनी दुसरी पट्टी मागायला आल्या तर गोळ्या देऊ नकोस, तोंड उघडून दाखवायला सांग आणि डॉक्टरांना फोन लाव. हे कळायला ती बाई पहिल्यांदाही तुमच्यासमोर यावी लागते आणि दहाव्या दिवशीही. घरी बसून भरलेल्या ८च्या रकान्यात ती कुठून येणार? त्या रकान्यासमोर एकच वाक्य असतं, ‘चिठ्ठीनुसार औषधं दिली’, आणि त्याखाली पान संपेपर्यंत ‘वरीलप्रमाणे’.

माझं स्वतःचं दुखणं याहून क्षुल्लक आहे. मला रक्तदाबाच्या गोळ्या पाच-पाच मिळतात आणि त्या कात्रीनं कापून मिळतात. मुदत आणि बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला असतो. कात्री नेमकी अशी चालते की ते टोक दुकानात राहतं आणि माझ्या हाती येतो निनावी, अनाथ चांदीचा तुकडा. तारखेचं टोक शेवटपर्यंत राखायचं हे बरोबर, पण मग कापलेल्या तुकड्यासोबत तारीख आणि बॅच लिहिलेलं बिल द्यायचं असतं. बिल मागितलं की भैया माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याच्या बहिणीचं स्थळ नाकारलं आहे. पाकिटावर पेनानं तारीख लिहायला चार सेकंद लागतात. पाचशे तासांत चार सेकंद!

खोटं पकडणं अवघड आहे असं कोणी म्हणू नये. बिलाच्या संगणकात प्रत्येक बिलाची वेळ छापलेली असते. शिवाय १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१मधल्या औषधांची, म्हणजे काही प्रबळ अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या गोळ्या यांची, वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. तीन महिने तिथे खरंच उभं राहिलेल्या मुलाचं अक्षर त्या वहीत कुठेतरी सापडायलाच हवं. डायरी आणि वही शेजारी ठेवा, दहा मिनिटांचं काम. खऱ्या मुलाची डायरी लांबूनही ओळखू येते. तिच्यात साडेपाच असतात, नऊ असतात, एखादा कोरा रविवार असतो, चुकलेलं खोडलेलं असतं, बेरीज ५३७ वगैरे काहीतरी वेडीवाकडी येते. अशी एक डायरी मी पाहिली आहे. कॉलेजनं ती परत केली. शेरा होता : ‘तास एकसारखे नाहीत, नीट भरून आणा.’

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की भिंतीवरच्या चौकटीतलं नाव वाचा आणि त्या नावानं मोठ्यानं हाक मारा. ओ आली तर चिठ्ठी द्या. नाही आली तर पाच गोळ्या घेऊ नका, तारखेसकट अख्खी पट्टी घ्या आणि बिल मागा.