दोन रुपयांचा पहारेकरी

आमच्या आदिलाबादेत कापसाच्या अडतीवर बसणारा भाचा भारी सावध. सात दिवस फुकट सिनेमे पाहायचे म्हणून त्याने बँकेच्या अ‍ॅपात व्हर्च्युअल कार्ड काढलं, मर्यादा ठेवली २ रुपयांची. आठव्या दिवशी कंपनीने १४९ मागितले, कार्डाने हात वर केले. गडी खूश! पुढच्या वेळी मात्र आळसाने यूपीआय ऑटोपे दिला. ठळक अक्षरांत १ रुपया, खाली बारीक ‘कमाल ९९९’. एकदा पिन दिला की पुढे १५,००० पर्यंत कोणी विचारत नाही, फक्त २४ तास आधी संदेश येतो. तो आला, पण लग्नपत्रिकांच्या गर्दीत वाचतो कोण? ९९९ गेल्यावर मॅन्डेट रद्द करायला शिकला. आता पैनगंगेपलीकडच्या मावशीलाही शिकवतोय. पहिले सात दिवस फुकट.