भाडं आमचं, अपघात तुमचा

ॲपवाल्याला सगळं ठाऊक असतं. गाडी कुठल्या वळणावर आहे, ड्रायव्हरला किती तारे मिळालेत, गेल्या खेपेला तुम्ही खाली उतरायला किती वेळ लावलात. मात्र गाडी उभ्या ट्रेलरवर आदळली की त्याला एकदम साक्षात्कार होतो की आपण वाहतुकीच्या धंद्यात नाहीच मुळी, आपण नुसते सॉफ्टवेअरवाले. आमच्या रत्नागिरीत मारुती मंदिराशी रिक्षा कलंडली, तर बहुतेक वेळा मालक, ड्रायव्हर आणि तक्रार विभाग ही तिन्ही खाती एकाच खाकी शर्टात सापडतात. कॅबच्या बाबतीत ती तीन गावांत सांडलेली असतात.

समजा, खेडशीच्या एक काकू मुलाकडे मुंबईला निघाल्या. पनवेलला उतरून त्यांनी रात्री ॲपवरून कॅब मागवली. पहाटेच्या सुमारास ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी ट्रेलरखाली गेली. काकूंच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. गाडी कल्याणच्या मालकाची, ती बँकेच्या कर्जावर, ड्रायव्हर पगारी, आणि ॲपचं ऑफिस परराज्यात. आता धरायचं कुणाला?

कायद्याचं पहिलं उत्तर रूक्ष आहे: आरसी बुकावर ज्याचं नाव, तो मालक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची व्याख्या मुळात तेवढीच आहे. गाडी पुढे तिघाचौघांच्या हातून गेली तरी कागद बदलला नसेल तर जबाबदारी मूळ नोंदणीवाल्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगून टाकलं. कर्ज देणारी बँक यात सापडत नाही, कारण कर्जाच्या गाडीत ताबा ज्याच्याकडे तोच मालक धरला जातो. चूक ड्रायव्हरची, पण त्याच्या खिशात काय असणार? म्हणून भार मालकावर, आणि मालकाने थर्ड पार्टी विमा घेणं सक्तीचं असल्यामुळे पैसा शेवटी विमा कंपनीकडून यायचा.

इथे काकूंच्या मुलाला कुणीतरी कानात सांगेल की कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीचे अडीच लाख मिळतात (मृत्यू असेल तर पाच लाख), ते घ्या आणि मोकळे व्हा. सही करण्याआधी कलम १६६ वाचा. पोलिसांचा अपघात अहवाल आला की विमा कंपनी तडजोडीचा देकार देते. त्या कार्यपद्धतीने १६४ ची रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा तिथेच संपतो. रॉड, दुसरं ऑपरेशन, वर्षभर बुडालेलं उत्पन्न, हे सगळं अडीच लाखांत बसतंय का, याचा हिशेब आधी.

या साऱ्या साखळीत ॲपचं नाव कुठे आलं? आलंच नाही. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ॲग्रिगेटर आला खरा, पण प्रवाशाची ड्रायव्हरशी गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ म्हणून. वधू-वर सूचक मंडळच म्हणा. पण हे मंडळ असं की हुंडा तेच ठरवणार, त्यातला हिस्सा तेच कापणार, नवरा कुठला ते तेच निवडणार आणि तारे कमी पडले तर त्याला घराबाहेरही तेच काढणार. अटी-शर्तींच्या पानावर मात्र लिहिलेलं असतं की संसाराशी आमचा संबंध नाही.

हा युक्तिवाद आपल्या न्यायालयांना नवा नाही. फक्त तेव्हा मोबाइल नव्हते. राजस्थानच्या परिवहन महामंडळाने एका खासगी मालकाची बस भाड्याने घेतली होती. बस मालकाची, ड्रायव्हर मालकाचा, पण कंडक्टर महामंडळाचा, तिकिटाचे पैसे महामंडळाचे आणि कंडक्टर सांगेल तसं ड्रायव्हरने वागायचं असा करार. अपघात झाल्यावर महामंडळ म्हणालं, आमचं नाव आरसीवर नाही. १९९७ च्या कैलाशनाथ कोठारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही: मालकाची व्याख्या तेवढ्यावर संपत नाही, त्या वेळी गाडीवर ताबा आणि ड्रायव्हरवर हुकूम कुणाचा चालत होता ते पाहायचं. कंडक्टरच्या जागी फोनचा पडदा ठेवा, काकूंच्या वकिलाचा मुद्दा तयार.

पण तयार मुद्दा आणि सिद्ध झालेला मुद्दा यांत फरक आहे. ॲपवाले म्हणतील, ड्रायव्हर आमचा नोकर नाही, भाडं नाकारायला मोकळा आहे. म्हणून मला त्यांना ड्रायव्हरचा धनी ठरवण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या कसुरीवर बोट ठेवणं जास्त उपयोगाचं वाटतं. ड्रायव्हरला दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन ठेवता येणार नाही आणि त्यानंतर १० तासांची विश्रांती हवी, असं केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीच सांगितलं होतं. काकूंच्या ड्रायव्हरला डुलकी का लागली? तो कधीपासून लॉगिन होता? याचं उत्तर मालकाकडे नाही आणि पोलिसांच्या पंचनाम्यातही नाही. ते ॲपच्या सर्व्हरवर, मिनिटासकट आहे. तो चौदाव्या तासाला असताना त्याला पनवेलचं भाडं दिलं असेल, तर ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ म्हणणं जड जाईल.

कॅलिफोर्नियाने असा घोळ आधीच पाहिलाय. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत ॲपच्या गाडीखाली सहा वर्षांची मुलगी गेली. कंपनी म्हणाली, गाडीत प्रवासी नव्हता, म्हणजे ती आमची नव्हे. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि ड्रायव्हरच्या वेळेचे तुकडे पाडले गेले: ॲप चालू पण भाडं नाही तेव्हा कमी विमा, भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत १० लाख डॉलरचा.

आपल्याकडे आधी पाटीचा रंग बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याला लावलेली असेल, तर विमा कंपनी पहिल्या तारखेलाच सांगेल की परमिट नाही, पॉलिसीचा भंग झाला. घाबरायचं कारण नाही. २०१८ च्या अमृत पाल सिंग प्रकरणात परमिट नसतानाही कंपनीने आधी दावेदारांना द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश कायम झाला. ड्रायव्हरकडे साधं एलएमव्ही लायसन्स होतं ही तक्रारही आता चालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी ती मोडीत काढली.

राहिला दावा. तो पनवेलला जाऊन करायची गरज नाही. काकू राहतात खेडशीला, तेव्हा कायद्याप्रमाणे रत्नागिरीच्या न्यायाधिकरणात तो चालतो. मुदत अपघातापासून सहा महिने. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून चालढकल नको. अर्जात ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी आणि ॲप कंपनी चौघांनाही प्रतिवादी करायचं. चौथ्याला वगळलं, की नंतर मालक वकिलामार्फत सांगतो, हुकूम त्यांचा होता, आणि ते ऐकायला समोर कुणी नसतं. फोनवरचं बुकिंग, पावतीचा मेल, ॲपवर दाखवलेला नंबर आणि प्रत्यक्ष आलेल्या गाडीचा नंबर, यांचे फोटो दवाखान्यात असतानाच मुलाने काढून ठेवायचे. हे दोन नंबर जुळले नाहीत तर प्रकरणच निराळं. लॉगिनची नोंद मागणारी वकिलाची नोटीसही डिस्चार्जची वाट न पाहता धाडायची, कारण ती नोंद कायम जपलेली राहील याची खात्री नसते.