हप्ता हलका, मुदत जड

घरासाठी कर्ज काढायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "पंधरा वर्षांत मोकळं होऊ." दुसरा म्हणतो, "आणि तोवर खायचं काय?" गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

समजा, हिंगोलीतल्या एका मास्तरांनी साडेआठ टक्क्यांनी 20 लाख काढले. 15 वर्षांचा हप्ता 19,695 रुपये, 20 वर्षांचा 17,356. फरक महिन्याला तेवीसशेच्या वर. तेवढ्यात किराण्याचं बरंच भागतं, म्हणून बाई वीस वर्षांवर बोट ठेवतात. पण एकूण व्याज साडेपंधरा लाखांवरून साडेएकवीस लाखांच्या पुढे जातं. कारण वीस वर्षांच्या पहिल्या हप्त्यातले चौदा हजारांवर रुपये व्याजच खातं. मुद्दल जेमतेम तीन हजारांनी हलतं.

हलका हप्ता म्हणजे गोड बोलणारा पाहुणा. मुक्काम कधी वाढवेल सांगता येत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली. मास्तरांचा दर सुरुवातीलाच एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर 180 महिन्यांचे सुमारे 207 होतील, पण 240 चे थेट 309! मास्तर निवृत्त होतील, हप्ता सेवेतच राहील. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तेव्हा बँकेचा मेसेज आला की न वाचता पुसू नये.

आता मास्तरांची वसमतकडे दोन एकर हळद आहे. ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची; मग मोंढ्यात भाव लागेल तो खरा. असा पैसा दरमहा येत नाही, म्हणून पंधरा वर्षांचा हप्ता पगारावर बसवून हळदीच्या भरवशावर घर चालवणं धोक्याचं. त्यापेक्षा कागदावर वीस वर्षं घ्यावीत आणि हळद विकली की दरवर्षी एक जादा हप्ता भरावा. दर तोच राहिला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. दर बदलता असेल, तर वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही.

अडचण एकच. हळदीचा पैसा हातात आला की घरात सगळ्यांना एकदम गाडी, फ्रीज आणि भाचीचं लग्न आठवतं. हे आपल्या घरात होतंच, असं ज्याला ठाऊक आहे, त्याने मुकाट्याने पंधरा वर्षं घ्यावीत. बाकीच्यांनी वीस घ्यावीत, आणि जादा रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहावं: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.