करण्यात यावी, पण कोणी?

गेल्या आठवड्यात एका कार्यालयातून पावणेदोन पानांचं परिपत्रक घरी आलं. सोबत निरोप : ‘इंग्रजीत करून द्या, पण सोपं हवं. नवे साहेब बाहेरच्या राज्यातले आहेत.’ म्हटलं, तासाभराचं काम. चहा ठेवला आणि पहिलं वाक्य वाचायला घेतलं.

‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कार्यालयात येणाऱ्या अभ्यागतांसाठी पिण्याच्या पाण्याची सुविधा उपलब्ध करून देण्याबाबत आवश्यक ती कार्यवाही तात्काळ करण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल विहित मुदतीत सादर करण्यात यावा.’

चहा उतू गेला.

शब्दाला शब्द ठेवला की ‘इट इज हियरबाय इन्फॉर्म्ड दॅट नेसेसरी अ‍ॅक्शन शुड बी टेकन’ तयार होतं. हे इंग्रजी नव्हे, इंग्रजीचा कोट घातलेलं मराठी. गंमत म्हणजे ते मराठीही मुळात मराठीचा कोट घातलेलं इंग्रजीच. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं राज्यकारभार मराठीत आणला, पण साहेबाच्या फायलीतली ‘नेसेसरी अ‍ॅक्शन’ ‘आवश्यक ती कार्यवाही’ होऊन तिथंच बसून राहिली. म्हणजे आम्ही भाषांतराचं भाषांतर करायचं. उसनं आणलेलं पातेलं धुऊन परत द्यायचं, तशातला प्रकार.

बाकीचं फारसं अवघड नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ सरळ गाळायचं, कारण विषय वर लिहिलेलाच असतो आणि कागद हातात आला म्हणजे कळलंच. ‘सदर’ म्हणजे ‘धिस’, तेही गरज असेल तर. (सदर सदराचा लेखक हे जड अंतःकरणानं सांगतो आहे.) ‘अभ्यागत’ म्हणजे ‘गेस्ट’ नव्हे, ‘व्हिजिटर’. गेस्टला कोणी साडेतीन तास बाकावर बसवून ठेवत नाही. तलाठी आणि सातबारा तसेच ठेवायचे, पहिल्यांदा येतील तिथं चार शब्दांत ते काय असतं ते सांगायचं.

अडलं ते ‘करण्यात यावी’पाशी. सोप्या इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो. ‘अमक्यानं पाणी ठेवावं’ असं म्हणायचं तर आधी अमका सापडला पाहिजे. पावणेदोन पानं दोनदा चाळली. विषय होता, संदर्भ होते, प्रतिलिपी कोणाकोणाला धाडायच्या त्याची लांबलचक यादी होती. कर्ता नव्हता. शिवाय ते ‘यावी’ म्हणजे नक्की काय? ‘मस्ट’ लिहिलं तर हुकूम होतो, ‘शुड’ लिहिलं तर सल्ला होतो. मराठीत एकच ‘यावी’ दोन्ही घरी जेवते आणि हात कुठंच धूत नाही. कर्ता मनानं घालावा, तर ते भाषांतर नव्हे, नेमणूक झाली! आणि माझ्या एका शब्दानं कोणाच्या तरी गळ्यात माठ बांधला जायचा.

म्हणून कार्यालयात फोन केला. विचारलं, पाणी कोण ठेवणार?

‘संबंधित.’

संबंधित कोण?

‘ज्यांचा संबंध येतो ते.’

अहवाल कधीपर्यंत?

‘विहित मुदतीत.’

ती कोणी विहित केली?

‘अहो, तुम्हाला भाषांतर दिलंय की चौकशी?’

इथं मात्र माझं डोकं फिरलं. उन्हातून एसटीनं आलेली म्हातारी दाखल्यासाठी रांगेत उभी असते. तिला तहान लागते ती कर्तरी प्रयोगात. ‘मला तहान लागण्यात आली आहे’ असं ती म्हणत नाही. तिच्या घरी सून ‘पाणी देण्यात येत आहे’ म्हणाली, तर म्हातारी तांब्या फेकून मारेल. पण इथं पाणी कोणी द्यायचंच नसतं, ते ‘उपलब्ध’ व्हायचं असतं. झालं नाही तरी अहवाल येतो, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे’, आणि त्या वाक्यातही कोणी नसतं. नसलेल्या माणसानं नसलेलं पाणी ठेवलं आणि तसं खालीवर सह्यांनिशी कळवलं. कर्मणी प्रयोग शाळेत शिकवतात तेव्हा वाटतं हे व्याकरण आहे. छे, ती तर पळवाट आहे, तीही डांबरी!

शेवटी परत फोन करून, तीन टेबलं फिरून, एवढं कळलं की पाण्याची सोय कार्यालयप्रमुखांनीच करायची आहे आणि हा हुकूमच आहे. मुदत मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. मग लिहिलं : ‘ऑफिस हेड्स मस्ट प्रोव्हाइड ड्रिंकिंग वॉटर फॉर व्हिजिटर्स अ‍ॅट वन्स, अँड रिपोर्ट व्हॉट दे हॅव डन बाय...’ आणि ‘बाय’पुढं जागा मोकळी सोडून समासात पेन्सिलीनं टीप दिली : ‘मूळ मजकुरात तारीख नाही, कृपया कळवा.’ तारीख मनानं घालणं माझ्या अधिकारात नव्हतं.

चौथ्या दिवशी कागद परत आला. तारखेची जागा मोकळीच होती. ‘ऑफिस हेड्स मस्ट’ला लाल शाईनं गोल केला होता आणि खाली शेरा होता : ‘भाषांतर फार स्पष्ट झाले आहे. उचित दुरुस्ती करण्यात यावी.’

सही कोणाची, ते लागत नाही.