चिवड्याचं वजन

डोंबिवलीला स्लो लोकल पकडली तेव्हा काकांचं संकेतस्थळ सहा पानांचं होतं. कोपरला त्यांचा संदेश आला, 'लोगो जरा मोठा कर.' दिव्याला आला, 'अमेरिकेतल्या लोकांसाठी इंग्रजीतही हवं.' मुंब्र्याला कुपनची कल्पना सुचली, आणि कळव्याला कळलं की ती जावयाला सुचली होती. ठाण्याला उतरेपर्यंत माझं काम दुप्पट झालं होतं आणि मोबदला होता तिथेच, चाळीस हजारांवर.

काकांचं नौपाड्यात दिवाळी फराळाचं दुकान. मी डोंबिवलीत घरूनच संकेतस्थळं बनवते. आमच्यात ठरलेलं काम कागदावर स्पष्ट होतं: सहा पानं, तीस पदार्थ, भाव आणि ऑर्डर काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पण मराठी मध्यमवर्गीय व्यवहारात कागद हा साखरपुड्यातल्या नारळासारखा असतो. दिला-घेतला की फडताळात जातो. त्यानंतर सगळं 'अगं, तू माझ्या मुलीसारखी' या कलमाखाली चालतं. हे कलम एकाच बाजूने लागू होतं, हे वेगळं सांगायला नको. मुलीसारखी म्हणून लाडू मिळतो, मुलीसारखी म्हणून पैसे मिळत नाहीत.

आमच्या सोसायटीत महापालिकेतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. "आमच्याकडे याला एक्स्ट्रा आयटम म्हणतात. टेंडरमध्ये नसलेलं काम निघालं की त्याचा दर वेगळा काढायचा, मंजुरी घ्यायची आणि मगच काम." मंजुरीपर्यंत रस्ता उघडाच राहतो का, हे मी विचारलं नाही. शेजारधर्म आहे.

वकील मावसभावाने तर 1872 चा करार कायदाच काढला. म्हणे कलम 70 बघ. फुकट करण्याचा इरादा नसताना रीतसर काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई मागता येते. खरं आहे. पण कुपनच्या पैशांसाठी कल्याण कोर्टात तारखा घ्यायच्या, तर तोवर जावयाचा जावई येईल. त्यापेक्षा त्याच कायद्यातलं कलम 62 घरगुती आहे: दोघांच्या संमतीने करार बदलला की पुढे बदललेला करार चालतो. म्हणजे बदलाचा एक कागद, त्यावर दोघांचा होकार. आमच्या धंद्यात त्याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात.

तो कागद मी काढला तो काकांच्या सर्वांत निरागस मागणीवर. "अगं, परदेशी पार्सलचा खर्च तिथल्या तिथे दिसू दे. वजन गुणिले दर. एक बटण तर आहे!"

आता ऐका या बटणाची गोष्ट. कुरिअरवाले हवाई पार्सलचं नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. येतं ते आकारमानी वजन. खरं वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. दोन किलो बेसनाचे लाडू छोट्या खोक्यात मावतात, तिथे दोन किलोचेच पैसे लागतात. पण दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा 30, 25 आणि 20 सेंटिमीटरच्या खोक्यात भरला, की 15,000 भागिले 5000, म्हणजे तीन किलो! चिवडा दोन किलो, पैसे तीन किलोचे. वरचा एक किलो म्हणजे नौपाड्याची हवा, जी आपण न्यू जर्सीला पाठवतो.

आणि गिऱ्हाईक नुसता चिवडा थोडाच घेतं? लाडू, चकली, चिवडा एकत्र घेतं. मग कुठलं खोकं? चकली मोडू नये म्हणून भोवती कागद किती? हे सगळं त्या 'एका बटणा'च्या पोटात.

मी अर्ध्या पानाचा कागद केला. वर 'बदल क्रमांक 1'. खाली मूळ कागदातली ओळ, 'ऑर्डर फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर, पार्सल खर्च दुकानदार कळवेल', आणि तिच्याशेजारी नवी मागणी. मग तास: कुरिअरचं दरपत्रक लावणं 2, पदार्थांची वजनं आणि खोक्यांची मापं भरणं 3, हिशेबाची मांडणी 6, मोबाइलवर नीट दिसणं 3, खोट्या ऑर्डरी टाकून तपासणी 4. एकूण 18 तास, तासाला 600, म्हणजे 10,800 रुपये. सुपुर्दगी कामाचे चार दिवस पुढे. अर्धी रक्कम आगाऊ, आणि लेखी 'मान्य' आल्यावरच सुरुवात. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. आधी करून ठेवलं की मग पैसे मागणं वसुली वाटते.

त्याच कागदावर मोठा करून दिलेला लोगो मी मुद्दाम लिहिला: 'अर्धा तास, 300 रुपये, या वेळी सूट, देय शून्य.' फुकट दिलेलं काम लिहून ठेवलं नाही, तर ते दिलंच नव्हतं असं होतं. उलट चकलीचं पाव किलोचं बटण दाबल्यावर अर्ध्या किलोचे पैसे लागले, तर तो बदल नव्हे, दोष. तो मी गुपचूप आणि फुकट दुरुस्त करणार. दोषालाही बिल लावणाऱ्याच्या बदलाच्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

काकांनी कागद चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला. "अगं, एवढे? आमच्याकडे कोणी वर अर्धा किलो चिरोटे मागितले तर आम्ही लावतो पैसे. पण चिरोटे दिसतात तरी. तुझं हे काय दिसतं?"

मुद्दा बरोबर होता, आणि अठरा तासांची फोड मी म्हणूनच लिहिली होती. मी शाळेची मोजपट्टी काढली. दुकानातलं चिवड्याचं खोकं दोघांनी मोजलं, भागाकार काकांनीच केला, जुन्या कॅल्क्युलेटरवर. तीन आला. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तीन. मग मागच्या दिवाळीत परदेशी पार्सलांवर खिशातून किती गेले, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा, कारण काकूंकडे न बघता त्यांनी पाणी मागितलं.

मी तीन वाटा ठेवल्या. आत्ता करायचं तर 10,800. दिवाळीनंतर करायचं तर तेव्हाच्या कागदावर. नाहीतर अदलाबदल: ठरलेल्या सहा पानांतली 'आमची परंपरा' आणि छायाचित्रांचं दालन वगळायचं, त्यांचे 6,000 वजा होतील, वर 4,800 द्यायचे. 'नाही' हा शब्द कुठेच नव्हता. काय हवं ते त्यांनी निवडायचं होतं, आणि माणूस निवडायला लागला की भांडायचं विसरतो. परंपरेला काकांनी दहा सेकंदांत सोडचिठ्ठी दिली. इंग्रजी आवृत्ती त्यांनी स्वतःच दिवाळीनंतरवर ढकलली. अमेरिकेतल्यांना चिवडा मराठीतही कळतो म्हणाले. कुपनचं जावयाशी ते स्वतः बोलणार होते.

'मान्य' असा संदेश आला, 2,400 रुपये आले, आणि मी कामाला लागले.

दिवाळीचा फराळ मी त्यांच्याकडूनच घेतला. बिलात खोक्याचे पैसे वेगळे लावले होते.