खपलीची तारीख

कांजिण्यांनंतर शाळेला द्यायचा अर्ज हा मराठी गद्यातला सर्वांत नम्र प्रकार असावा. ‘माझा पाल्य आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकला नाही, तरी त्याची रजा मंजूर करावी, ही विनंती.’ पाल्य आठवडाभर कॅलामाइन थापून, खाजवू नको म्हणून ओरडा खाऊन परत आलेला असतो. आता रजा नामंजूर झालीच तर त्याने मागे जाऊन काय करायचे, हे अर्जात कुठेही नसते. अर्जाला दोन कागद टाचलेले असतात : एक मूल आजारी होते असे सांगणारा, दुसरा ते आता ठणठणीत आहे असे सांगणारा. पुष्कळदा दोन्हींवर तारीख एकच असते, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दप्तरी मूल एकाच संध्याकाळी आजारी पडून बरेही झालेले असते. माझे म्हणणे एवढेच, की हा अर्ज म्हणजे माफीनामा आहे ही समजूतच चुकीची आहे. तो वर्गातल्या बाकीच्या मुलांसाठी लिहायचा असतो आणि त्यात नम्रतेपेक्षा तारखांना जास्त किंमत असते.

समजा, सोमवारी, 3 फेब्रुवारीला सकाळी एका मुलीच्या पाठीवर पाणी भरलेले फोड दिसले. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो. म्हणजे शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत, बाकावर खेटून बसून, डब्यातली पोळी वाटून घेताना तिने कांजिण्याही वाटल्या असणार. आता ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांच्या अंगावर त्या साधारण 10 ते 21 दिवसांनी उमटतील, म्हणजे 11 ते 22 फेब्रुवारीच्या दरम्यान. इथे कोणी म्हणेल, लागण होऊन गेली, मग कळवून काय उपयोग? उपयोग आहे, पण तो चटकन शिळा होतो. लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. वर्गशिक्षिका गरोदर असतील आणि त्यांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्यांना ताबडतोब डॉक्टर गाठायला हवा. मुलगी बरी होऊन 10 तारखेला अर्ज घेऊन आली, तर हे सगळे हुकते. म्हणून पहिली चिठ्ठी 3 तारखेलाच जायला हवी, आणि तीत ‘ताप’ किंवा ‘व्हायरल’ असे सोवळे शब्द नकोत. सरळ ‘कांजिण्या’ लिहावे. नाव लिहिले की लोक मुलीला नावे ठेवतील, ही भीती खरी असली तरी फार टिकणारी नाही. 22 तारखेपर्यंत अर्धा वर्ग ठिपक्यांचा झाला, तर कोण कोणाला नावे ठेवणार?

दाखला टाचायचा तो दुसऱ्या अर्जाला, आणि खरी गंमत फिटनेसच्या कागदात आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून ‘सात दिवस विश्रांती, नंतर शाळेत जाण्यास योग्य’ असा जोडदाखला घेणारे पालक एक रिक्षाभाडे वाचवतात हे कबूल. पण खपल्या कॅलेंडर वाचत नाहीत. कांजिण्यांचे फोड एका तुकडीने येत नाहीत. जुने वाळत असतात तेव्हा नवे उगवत असतात. शेवटच्या फोडावर खपली धरली की संसर्ग संपतो. बहुतेकांचे हे पाच ते सात दिवसांत होते, पण ते अंग पाहूनच ठरवायचे. उलट काही शाळा ‘सगळ्या खपल्या पडू द्या, मग पाठवा’ म्हणून अडून बसतात. देवीच्या रोगात शेवटची खपली गळेपर्यंत संसर्ग राहत असे. हा धाक बहुधा तिथूनच वारशाने आलेला असावा. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 1980 मध्येच जाहीर झाले, पण नियमांना अजून कोणी कळवलेले दिसत नाही. कांजिण्यांच्या वाळलेल्या खपल्या पुढे आठवडा-दोन आठवडे अंगावर राहिल्या तरी कोणाला काही होत नाही. त्यांपायी मुलीचे गणित बुडवू नये. लस घेतलेल्या मुलांना कधी नुसतेच लाल ठिपके येतात, खपली धरतच नाही. तिथे 24 तासांत नवा ठिपका आला नाही, एवढे पाहतात.

तेव्हा दुसरा अर्ज असा असावा : ‘माझी मुलगी, इयत्ता चौथी, हिला 3 फेब्रुवारीला कांजिण्या उठल्या, त्याच दिवशी आपणांस कळवले होते. शेवटच्या फोडावर 9 तारखेला खपली धरली. आजाराचा दाखला 3 तारखेचा आणि तपासून दिलेला फिटनेसचा दाखला 10 तारखेचा सोबत जोडला आहे. अंगावर खपल्या दिसतील, त्यांपासून संसर्ग नाही. 3 ते 10 फेब्रुवारीची गैरहजेरी वैद्यकीय कारणाची म्हणून नोंदवावी.’ याखाली ‘आपली नम्र’ लिहायला काहीच हरकत नाही. रजा मंजूर करण्याची विनंतीही हवी तर ठेवावी. मुख्याध्यापकांना सही करायला काहीतरी लागतेच.